पगार ३४ हजार, ॲपवर खर्च ४४ हजार : महिन्याचा हिशेब जुळवायचा कसा

माझा मेव्हणा कुपवाड एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे. हातात पगार येतो ३४,२०० रुपये. जानेवारीत त्याने मोबाइलवर खर्चाचं ॲप टाकलं, महिनाभर चालू ठेवलं आणि ७ फेब्रुवारीला रात्री जेवण झाल्यावर विश्रामबागहून थेट आमच्या घरी आला. चहा यायच्या आधीच फोन माझ्यापुढे धरला.

"दाजी, हे बघा. जमा ४३,०४९ आणि खर्च ४३,९४९. एवढा पगार मला देतंय कोण, आणि एवढं मी उधळतोय कुठं?"

मी एका कारखान्यात अकाउंट्स बघतो, त्यामुळे नात्यात कुणाचाही हिशेब अडला की गाडी माझ्या दारात लागते. आम्ही दोघं त्या रात्री साडेअकरापर्यंत बसलो. खरा खर्च निघाला २९,२७६ रुपये. ॲप बिघडलेलं नव्हतं. त्याला जे दिसलं तेवढंच त्याने जोडलं होतं. नवीन माणसाला हे माहीत नसतं, म्हणून तो पहिल्याच महिन्यात "सगळं खोटं दाखवतंय" म्हणून ॲप काढून टाकतो. तेव्हा हा हिशेब सुरुवातीपासून कसा लावायचा ते त्याच्याच आकड्यांवरून सांगतो.

ॲपला तुमचा खर्च कळतो कुठून

याचे तीन मार्ग आहेत. पहिला, एसएमएस वाचून. अँड्रॉइड फोनवर तुम्ही परवानगी दिली की ॲप बँकेकडून आलेले मेसेज चाळतं आणि त्यातला आकडा, तारीख, खात्याचे शेवटचे अंक आणि पैसे गेले की आले एवढं उचलतं. आयफोनवर ॲपलच कुठल्याही ॲपला मेसेज असे वाचू देत नाही, त्यामुळे तिथे हा मार्ग बंद.

दुसरा मार्ग अकाउंट ॲग्रिगेटरचा. रिझर्व्ह बँकेने याचे नियम २०१६ मध्ये काढले आणि २०२१ च्या सप्टेंबरमध्ये मोठ्या बँकांनी तो प्रत्यक्ष सुरू केला. यात तुम्ही संमती दिली की बँकेचं स्टेटमेंटच कुलूपबंद स्वरूपात ॲपकडे जातं, मधल्या ॲग्रिगेटरला ते उघडून वाचता येत नाही. संमती देताना कोणत्या तारखेपासूनची माहिती, किती काळासाठी आणि कशासाठी हे पडद्यावर येतं. ते न वाचता पुढे जाऊ नका. संमती नंतर काढूनही घेता येते. एसएमएसपेक्षा हा मार्ग पक्का आहे, कारण न आलेल्या मेसेजची भानगड यात राहत नाही. पण तुमची बँक यादीत असायला हवी. आपल्या भागातल्या पतसंस्थेतलं खातं तिथे शोधू नका, पतसंस्था म्हणजे बँक नव्हे.

तिसरा मार्ग हाताने नोंद करण्याचा. हसू नका, यातला थोडा भाग प्रत्येकालाच करावा लागतो.

मेव्हण्याचं ॲप पहिल्या प्रकारचं होतं आणि नव्या माणसांपैकी बरेच जण तिथूनच सुरू करतात, म्हणून पुढचं सगळं त्या हिशेबाने. परवानग्यांबद्दल एवढंच: मेसेज वाचू द्या, कॉन्टॅक्ट, फोटो, लोकेशन यांची या कामाला गरज नाही, ते नाकारा. यूपीआय पिन, ओटीपी किंवा नेटबँकिंगचा पासवर्ड खर्च मोजणाऱ्या ॲपला कधीच लागत नाही. मागितला तर ॲप तिथल्या तिथे काढून टाका. ॲप फुकट असेल तर मधूनमधून "तुम्हाला अमुक लाखाचं कर्ज मंजूर" अशी पाटी येईल. अशा बऱ्याच ॲपची कमाई त्यातूनच होते. तिकडे बोट लावू नका.

पहिल्या रात्री करायचं काम

पगार जमा होण्याच्या आदल्या रात्री बसा. कारखान्यात पगार ७ तारखेच्या आत द्यावा लागतो, त्यामुळे मेव्हण्याचा होतो ७ ला. पण ॲप महिना धरतं १ ते ३१. मग एका महिन्यात पगार आणि घरभाडं दिसतं, पण शेवटच्या आठवड्याची ओढाताण दिसते पुढच्या महिन्यात. सेटिंगमध्ये महिना सुरू होण्याची तारीख बदलता येते, ती पगाराची ठेवा. आपला महिना ७ ते ६.

मग पैसे कुठे कुठे आहेत ते लिहा. हे मेव्हण्याने केलं नव्हतं, त्यामुळे आम्हाला जुने मेसेज आणि पासबुक उकरून काढावं लागलं. ७ जानेवारीला पगार पडायच्या आधी त्याची स्थिती अशी होती: पगाराच्या खात्यात ५,८५०, सांगलीतल्या सहकारी बँकेच्या जुन्या खात्यात ६,४००, खिशात आणि डब्यात मिळून ७००. एकूण १२,९५०. पण क्रेडिट कार्डाचं डिसेंबरचं बिल ७,३५० द्यायचं होतं. ते देणं आहे, म्हणून वजा. म्हणजे त्याचे स्वतःचे असे पैसे फक्त ५,६००.

ॲपमध्ये यातल्या प्रत्येकाचं वेगळं खातं उघडा. रोखीचंही खातं असतं, ते "कॅश" नावाने मिळेल. कार्डाचं खातं वजा ७,३५० ने सुरू करा. यूपीआय लाइट वापरत असाल तर तेही वेगळं. भिशी आणि पिग्मी असेल तर त्यांचीही खाती उघडा, ती का ते पुढे येईल. सात खाती म्हणजे फार वाटतं, पण पुढची सगळी गडबड इथेच वाचते.

मेसेजमधून येणारा खोटा खर्च

आता त्याच्या ४३,९४९ कडे येऊ. आम्ही एकेक नोंद वरून खाली पाहिली आणि ज्या नोंदीत पैसे घराबाहेर गेलेच नव्हते ती बाजूला काढली.

पहिली सापडली ५,००० ची. गाडीचा हप्ता सहकारी बँकेतून कापला जातो, म्हणून त्याने पगाराच्या खात्यातून तिकडे पाच हजार टाकले होते. एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशात ठेवले, त्याला ॲपने खर्च म्हटलं. अशी नोंद उघडली की तिचा प्रकार बदलून "ट्रान्सफर" करता येतो आणि पैसे कोणत्या खात्यात गेले तेही सांगता येतं. हे एकदाच नीट केलंत तर बरीच ॲप पुढच्या वेळी स्वतःहून ओळखतात.

दुसरी आणि सगळ्यात मोठी, कार्डाचं बिल: ७,३५०. इथे नव्या माणसाचा गोंधळ हमखास होतो, म्हणून सावकाश सांगतो. कार्डाने पेट्रोल भरलं, त्याच क्षणी मेसेज आला आणि ॲपने खर्च लिहिला. महिन्याने बिल भरलं, पुन्हा मेसेज, पुन्हा खर्च. पेट्रोल एकदाच भरलं, हिशेबात आलं दोनदा. खर्च हा वस्तू घेतली त्या दिवशी झाला. बिल भरणं म्हणजे बँकेतून कार्डाच्या खात्यात पैसे हलवणं. तेव्हा तेही ट्रान्सफर. गंमत म्हणजे बिल भरल्यावर कार्डवाल्यांकडून "तुमचे ७,३५० मिळाले" असा मेसेज येतो, आणि त्यातलं "मिळाले" वाचून ॲपने तेवढी रक्कम मेव्हण्याच्या उत्पन्नात धरली होती! एकाच व्यवहाराने खर्चही वाढला आणि कमाईही.

तिसरी होती ६५० ची, इंटरनेटच्या ऑटोपेची. पैसे आपोआप कापण्याआधी किमान २४ तास सूचना द्यावी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्या सूचनेत रक्कम असते आणि `will be debited` असे शब्द असतात. ॲपने त्यातलं `debited` वाचलं आणि लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी खरोखर कापले गेले, तेव्हा पुन्हा लिहिलं. ओळखायची खूण सोपी: एकच रक्कम, एकच नाव, एका दिवसाच्या अंतराने. पहिली नोंद पुसा.

चौथी, १,४९९ चे बूट. ऑनलाइन मागवले, बसले नाहीत, परत केले. खर्च लिहिला गेला आणि परत आलेले पैसे उत्पन्न म्हणून दुसरीकडे लागले. परत आलेली रक्कम त्याच खर्चाच्या सदरात उलटी लावायची, म्हणजे बुटांचा खर्च शून्य होतो. यूपीआय अडकून पैसे कापले गेले आणि नंतर परत आले तरी असंच.

पाचवी २,००० ची, भिशी. ती खर्च नाही. तिचं खातं उघडलंय, तिकडे ट्रान्सफर.

या पाचांची बेरीज १६,४९९. ती काढल्यावर ४३,९४९ चे राहिले २७,४५०. आणि उत्पन्नातून बुटांचे आणि कार्डाचे काढल्यावर बरोबर ३४,२०० उरले. तिथे मेव्हण्याने पहिला सुटकेचा श्वास टाकला. मी म्हटलं, थांब, आता उलटी बाजू बघू.

ॲपला न दिसलेला खर्च

गाडीचा हप्ता ३,१५० यादीत नव्हताच. सहकारी बँकेचा मेसेज आला होता, पण त्याची धाटणी ॲपला ओळखता आली नव्हती. मोठ्या बँकांच्या मेसेजचे साचे ॲपवाल्यांनी बसवलेले असतात. आपल्याकडच्या लहान बँकांचे असतीलच असं नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात प्रत्येक खात्याचा एक तरी व्यवहार ॲपमध्ये उमटला का ते बघून घ्या. नसेल उमटला तर ते खातं हाताने चालवायचं. अशा खात्यात महिन्याला दोन-तीनच व्यवहार असतील तर काही जड नाही. मेव्हण्याचे होते दोन.

दुसरी गोष्ट लहान रकमांची. एका मोठ्या खासगी बँकेने जून २०२४ पासून १०० रुपयांच्या आतल्या यूपीआय खर्चाचे मेसेज पाठवणं बंद केलं. तुमच्या बँकेचं काय आहे ते तपासायला सोपी युक्ती: टपरीवर २० रुपयांचा चहा घ्या, यूपीआयने पैसे द्या आणि मेसेज येतो का बघा. येत नसेल तर तुमचे सगळे चहा, वडापाव, झेरॉक्स ॲपच्या नजरेआड आहेत.

यूपीआय लाइटचं वेगळंच आहे. त्यात तुम्ही आधी खात्यातून पैसे भरता आणि मग पिन न टाकता त्यातून देत राहता. बँकेच्या पासबुकात फक्त भरलेली रक्कम दिसते, पुढचं काही नाही. मेव्हण्याने दोनदा हजार-हजार भरले. ॲपने २,००० खर्च लिहिला. प्रत्यक्षात महिन्याच्या शेवटी लाइटमध्ये २६० शिल्लक होते, म्हणजे गेले १,७४०. एकेक चहा शोधत बसायची गरज नाही. भरणं हे ट्रान्सफर, आणि महिन्याच्या शेवटी भरले वजा उरले इतका खर्च "बाहेरचं खाणं" म्हणून एकरकमी लिहायचा. कंपनीच्या गेटवरच्या भजीचा हिशेब आठवड्यागणिक ठेवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

रोख

एटीएममधून ६,००० काढले. ॲप म्हणतं सहा हजार खर्च. पण एटीएममधून पैसे काढले म्हणजे ते बँकेतून खिशात आले, एवढंच. तेही ट्रान्सफर, रोखीच्या खात्यात.

मग रोख गेली कुठे? इथे नवे लोक दोन टोकं गाठतात. काही जण कोथिंबिरीची जुडीसुद्धा लिहायला लागतात आणि नवव्या दिवशी थकून सोडून देतात. काही जण रोख मोजतच नाहीत. मी सांगतो ती पद्धत अशी: रविवारी रात्री पाकीट आणि घरातला डबा मोजायचा. बस. मोठ्या, नेमाच्या रकमा तेवढ्या नावाने लिहायच्या, उरलेली घट "भाजी आणि किरकोळ" या एकाच सदरात.

मेव्हण्याचं असं निघालं. सुरुवातीचे ७०० आणि काढलेले ६,००० मिळून ६,७००. महिन्याअखेर हातात ४५०. म्हणजे ६,२५० गेले. त्यात दुधाचे १,८६०, ६० रुपयांप्रमाणे रोज एक लिटर, ३१ दिवस. पिग्मीवाला रोज ५० नेतो, त्याचे १,५५०. उरले २,८४०, ते मंडई, दाढी-कटिंग, रिक्षा आणि पाहुणे आले तेव्हाचं भडंग. "२,८४० ची भाजी?" असं म्हणून तो बहिणीकडे बघायला लागला, तेव्हा मी विषय बदलला.

पिग्मीचे १,५५० खर्च नाहीत, पतसंस्थेत जमा आहेत. म्हणून रोखीतला खरा खर्च ४,७००. ॲपने सहा हजार धरले होते, त्यातले १,३०० कमी झाले. लाइटचे २६० कमी झाले. हप्त्याचे ३,१५० वाढले. २७,४५० चे झाले २९,०४०.

नावं लावताना

बेरीज जुळण्याआधी सदरांबद्दल एक अडचण सांगून घेतो, कारण ती रोज येते. तुमच्या वाण्याच्या दुकानाचं नाव पाटीवर एक असतं आणि क्यूआर कोड असतो त्याच्या मुलाच्या किंवा बायकोच्या नावावर. ॲपला दुकान दिसत नाही, एका माणसाला पैसे गेलेले दिसतात, आणि ते "व्यक्तीला पाठवले" या डब्यात पडतात. मेव्हण्याचे किराण्याचे ४,२००, घरभाड्याचे ७,५०० आणि मुलीच्या स्कूल व्हॅनचे १,५०० हे तिन्ही असेच एका डब्यात होते. ॲप सांगत होतं की हा गडी किराणा भरतच नाही.

नोंदीवर बोट ठेवून सदर बदला आणि "या नावाच्या पुढच्या सगळ्या नोंदी अशाच" असा पर्याय आला तर तो निवडा. पहिल्या पंधरा दिवसांत रोज रात्री पाच मिनिटं हे केलंत की पुढे हात लावायला लागत नाही. सदरं मात्र थोडी ठेवा. आम्ही आठ केली: घर, किराणा-दूध, भाजी-किरकोळ, गाडी, मुलं, दवाखाना, बाहेरचं खाणं, इतर. ॲप तीसएक सदरं देईल. "मनोरंजन" आणि "जीवनशैली" यांतला फरक ठरवण्यात रात्र घालवू नका.

एक लक्षात ठेवा. किराणा उधारीवर असेल आणि तुम्ही १० तारखेला वहीप्रमाणे पैसे देत असाल, तर जानेवारीत दिलेले पैसे डिसेंबरच्या मालाचे आहेत. काटेकोर हिशेबात ती उधारीही देणं म्हणून धरावी लागेल. घरच्या हिशेबात मी धरत नाही. दर महिन्याला एकदाच देणं जात असेल तर फरक फार पडत नाही. दिवाळीचा महिना तेवढा अपवाद, तेव्हा फराळाचा खर्च पुढच्या महिन्यात दिसतो आणि माणूस उगाच चक्रावतो.

ताळा

आता खरं काम. ॲपमधला खर्चाचा आकडा बरोबर आहे हे कशावरून? वर्तुळाचं रंगीत चित्र सुंदर दिसतं म्हणून नव्हे. त्याचा ताळा घ्यावा लागतो, आणि तो एका ओळीचा आहे:

```
सुरुवातीचे + आलेले − खर्च − बचतीकडे गेलेले = शेवटचे
```

मेव्हण्याचं मांडू. सुरुवातीचे ५,६००. पगार ३४,२००. खर्च २९,०४०. भिशी आणि पिग्मी मिळून ३,५५०. म्हणजे शेवटी असायला हवेत ७,२१०.

आता प्रत्यक्ष बघा. पगाराच्या खात्यात ६ फेब्रुवारीच्या रात्री १,३५०. रोख ४५०. लाइट २६०. कार्डावर जानेवारीत घेतलेलं पेट्रोल १,९०० आणि कपडे १,२०० द्यायचे, म्हणून वजा ३,१००. सहकारी बँकेत असायला हवेत ६,४०० अधिक ५,००० वजा ३,१५०, म्हणजे ८,२५०. ही सगळी बेरीज बरोबर ७,२१० येते.

पण पासबुकावर होते ८,०१४. तूट २३६ ची.

"जाऊ दे की दाजी, दोनशे रुपयांसाठी काय," मेव्हणा म्हणाला. मी म्हटलं, दोनशे नाहीत, २३६ आहेत, आणि हा आकडा मी ओळखतो. २०० वर १८ टक्के जीएसटी लावला की २३६ होतात. म्हणजे बँकेचं काहीतरी शुल्क. पासबुक छापून आणलेलं होतं, त्यात डेबिट कार्डाचं वार्षिक शुल्क सापडलं. ते कार्ड त्याने दोन वर्षांत एकदाही वापरलं नव्हतं. मेसेज आला नव्हता म्हणून ॲपला कळलं नाही आणि पासबुक कुणी वाचत नाही म्हणून माणसालाही नाही. खर्च झाला २९,२७६, शेवटची शिल्लक ६,९७४, ताळा जुळला.

तूट निघाली की शोधायची एक पद्धत आहे, ती आम्ही ऑफिसात रोज वापरतो. तूट गोल आकड्यात, पाचशे-हजार अशी असेल तर बहुतेक रोख किंवा एटीएमची नोंद राहिली. तुटीला दोनने भाग द्या आणि तेवढ्या रकमेची नोंद आहे का बघा. असेल तर ती उलट्या बाजूला लागली, जमेची खर्चात किंवा खर्चाची जमेत. तुटीला ९ ने भाग जात असेल तर हाताने लिहिताना अंक उलटले असण्याची शक्यता, ५४० चे ४५०. आणि २३६, ५९०, ११८ असे आकडे दिसले तर शुल्क शोधा. एवढं करूनही शंभर-दोनशेचा फरक राहिला तर तो "फरक" नावाने लिहा आणि झोपा. दर महिन्याला तो एकाच बाजूला येत असेल तर मात्र काहीतरी नेमाने निसटतंय असं समजा.

पहिल्या महिन्याला याला दोन तास लागतात. मेव्हण्याला मार्चमध्ये पंचवीस मिनिटं लागली.

वर्षातून एकदा येणारे खर्च

जानेवारीच्या हिशेबात विम्याचा हप्ता नव्हता, शाळेची फी नव्हती, गाडीचा विमा नव्हता. म्हणून २९,२७६ हा त्याचा महिन्याचा खर्च असं म्हणणं फसवं आहे. त्याच्या वर्षाच्या अशा देण्यांची बेरीज आली ३०,०००, म्हणजे महिन्याला अडीच हजार. जानेवारीत पगारातून खर्च आणि बचत जाऊन उरले होते जेमतेम १,३७४. त्यामुळे जूनमध्ये फी भरताना दरवर्षी कार्ड का घासावं लागतं, याचं उत्तर त्याला तिथल्या तिथे मिळालं. आता तो पगार झाला की अडीच हजार सहकारी बँकेच्या खात्यात जास्तीचे टाकतो, आणि त्यासाठी पिग्मी ५० ची २० केली.

पगारदारांसाठी एक बारीक गोष्ट. फेब्रुवारीच्या पगारात हातात शंभर रुपये कमी आले तर एचआरला फोन करू नका. महाराष्ट्रात व्यवसाय कर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापतात.

दर महिन्याला ताळा जुळला की सगळ्या नोंदी सीएसव्ही फाइलमध्ये उतरवून स्वतःच्या ईमेलवर पाठवा. ॲप बंद पडू शकतं. अमेरिकेतलं मिंट नावाचं नावाजलेलं ॲप मार्च २०२४ मध्ये बंदच झालं.

भिशी लागली की

शेवटी भिशीचं, कारण हे कुठल्याच ॲपच्या मदतपानावर सापडणार नाही. मेव्हण्याच्या भिशीत बारा जण आहेत, प्रत्येकी २,०००. मे महिन्यात चिठ्ठी त्याच्या नावाने निघाली आणि २४,००० रुपये खात्यात आले. ॲपने लगेच त्या महिन्याची कमाई ५८,२०० दाखवली आणि वर हिरवा बाण.

भिशीचं वेगळं खातं उघडलं असेल तर इथे गोंधळ होत नाही. जानेवारीपासून मेपर्यंत पाच हप्ते, १०,००० तिथे जमा होते. २४,००० तिथून बँकेत ट्रान्सफर केले की भिशीचं खातं जातं वजा १४,००० वर. म्हणजे आलेल्या पैशातले दहा हजार त्याचे स्वतःचे आणि चौदा हजार बाकीच्या अकरा जणांचे, जे त्याने जूनपासून डिसेंबरपर्यंत सात हप्त्यांत फेडायचे. डिसेंबरचा हप्ता गेला की ते खातं आपोआप शून्यावर येईल.

त्याने फोनवर तो उणे आकडा बघितला आणि म्हणाला, "दाजी, मी तर टीव्ही बघून आलो होतो." मग थोडं थांबून, "दहा हजारात कुठला येतो?"